वजन धरायचं तरी कोणतं?

सेफाझोलिनची बाटली अंगठ्याएवढी असते आणि तिच्या तळाशी एक ग्रॅम पांढरी पूड. सर्जन पहिला छेद घेण्याआधी तासाभराच्या आत हे औषध शिरेतून जातं, म्हणजे कातडीवरचे जंतू जखमेत उतरतील तेव्हा ते तिथं हजर असावं. साठ किलोच्या माणसाला वर्षानुवर्षं एक ग्रॅम दिलं गेलं. टेबलावर एकशे चाळीस किलोचा माणूस असेल तर?

कॅनडातल्या फोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये याचं उत्तर छापलं. पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया होत असलेल्या अतिस्थूल रुग्णांच्या रक्तात आणि चरबीत त्यांनी औषध मोजलं. एक ग्रॅम दिल्यावर ते फार कमी भरलं. मग डोस दोन ग्रॅम केला, तेव्हा जखमेत पू होण्याचं प्रमाण १६.५ टक्क्यांवरून ५.६ टक्क्यांवर आलं. अमेरिकेतल्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांना दोन ग्रॅम आणि १२० किलो किंवा त्याहून जास्त वजनाला तीन ग्रॅम देतात. तिसऱ्या ग्रॅमने नक्की किती फरक पडतो यावर मात्र अजून वाद आहे.

मग सगळीच अँटिबायोटिक्स वजनाच्या हिशेबानं वाढवायची का? तसं केलं तर दुसऱ्या बाजूनं घात होतो.

समजा रुग्ण पुरुष आहे, उंची पाच फूट पाच इंच, वजन १४० किलो. रक्तात जंतू पसरलेत आणि जेंटामायसिन द्यायचं आहे, किलोमागे ५ मिलिग्रॅम. काट्यावरचं वजन धरलं तर ७०० मिलिग्रॅम होतात. पण जेंटामायसिन पाण्यात रमणारं औषध आहे, चरबीत ते फारसं शिरत नाही, आणि चरबीत पाणी थोडंच. सातशे दिले तर जास्तीचं औषध रक्तातच राहील आणि मूत्रपिंड व कान यांना त्रास देईल. उंचीवरून काढलेलं ‘आदर्श वजन’ धरावं तर ते भरतं ६१.५ किलो: पाच फुटांना ५० आणि वरच्या प्रत्येक इंचाला २.३. हे सूत्र डिव्हाइन यांनी १९७४ मध्ये जेंटामायसिनवरच्याच लेखात दिलं होतं. त्यानुसार डोस ३०७ मिलिग्रॅम येतो, आणि तो कमी पडतो. कारण वाढलेलं वजन म्हणजे निव्वळ चरबी नसते. ती पेलायला स्नायू वाढतात, रक्तही वाढतं. म्हणून मधला मार्ग काढतात. जास्तीच्या ७८.५ किलोंपैकी चाळीस टक्के, म्हणजे ३१.४ किलो, आदर्श वजनात मिळवायचे. झाले साधारण ९३ किलो, आणि डोस ४६५ मिलिग्रॅम.

आता त्याच माणसाला व्हॅन्कोमायसिन द्यायचं असेल तर हा हिशेब मोडतो. इथं पहिल्या डोससाठी काट्यावरचं वजनच धरतात, किलोमागे २० ते २५ मिलिग्रॅम. म्हणजे २८०० ते ३५०० मिलिग्रॅम. पण या औषधावरच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी स्थूल रुग्णांसाठी ३००० ची मर्यादा घातली आहे. सवयीनं ‘एक ग्रॅम’ लिहिलं तर या रुग्णाला किलोमागे जेमतेम ७ मिलिग्रॅम मिळतात. आणि तीन ग्रॅम भरभर सोडूनही चालत नाही. अंग लाल होतं, खाज सुटते, रक्तदाब उतरू शकतो. म्हणून सलाईनमधून तीनेक तास लावतात.

पुढच्या डोसांचा न्याय वेगळा. पहिला डोस भांड्याच्या मापाचा असतो, नंतरचे गळतीच्या मापाचे. ही गळती मूत्रपिंडातून होते, आणि ती वजन दुप्पट झालं म्हणून दुप्पट होत नाही. शिवाय स्थूलपणाबरोबर येणाऱ्या मधुमेहानं मूत्रपिंडं आधीच थकलेली असू शकतात. त्यामुळे तीन ग्रॅमचा पहिला डोस तसाच पुढे रेटणं ही मोठी चूक. व्हॅन्कोमायसिनची आणि जेंटामायसिनचीही रक्तातली पातळी तपासतात, सोबत क्रिएटिनिन बघतात. ते चढू लागलं तर डोस कमी करायचा किंवा दोन डोसांतलं अंतर वाढवायचं.

पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमसारख्या औषधांचा डोस वाढवण्याऐवजी बरेचदा वेळ वाढवतात: अर्ध्या तासाचं सलाईन चार तास चालवतात, कारण तिथं जंतूंवर औषध किती वेळ टिकलं हे महत्त्वाचं. लिनेझोलिड साधारणपणे सगळ्यांना ६०० मिलिग्रॅमच.

एवढ्या आकडेमोडीचा पाया एकच आकडा आहे, आणि नेमका तोच केसपेपरवर अंदाजानं लिहिला जातो. अतिस्थूल रुग्णाला साध्या काट्यावर उभं करता येत नाही किंवा काटाच थांबतो, मग कुणीतरी ‘शंभर असेल’ म्हणतं. तुमच्या घरात असं कुणी ऑपरेशनला जाणार असेल तर वजन मोठ्या काट्यावर करून घ्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आपणहून सांगा. गोळ्यांचा डोस मात्र वजन पाहून स्वतः वाढवू नका.