‘पेशंट आणून देतो’ असं डॉक्टरांना लिहू नका

खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना एकाच छापाचे ई-मेल सतत येत असतात. ‘दरमहा पन्नास नवे पेशंट, गॅरंटीसह. पैसे पेशंट आल्यावरच.’ लिहिणारा बहुधा डिजिटल मार्केटिंगची कामं सुटी घेणारा तरुण असतो. हेच वाक्य त्याने हॉटेलमालकाला आणि जिमवाल्याला पाठवलेलं असतं आणि तिथे ते चालूनही गेलेलं असतं. डॉक्टर मात्र ते वाचतात आणि ई-मेल डिलीट करतात. हा डॉक्टरांचा तुसडेपणा नाही. त्या दोन ओळींत जे देऊ केलं आहे, ते स्वीकारलं तर त्यांच्यावर वैद्यक परिषदेची कारवाई होऊ शकते.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेचे 2002 सालचे आचारनियम लागू आहेत. प्रत्यक्ष किंवा आडवळणाने पेशंट आपल्याकडे ओढणं हे त्या नियमांत गैरवर्तन मानलं आहे. पेशंट मिळवून दिल्याबद्दल कमिशन देणं-घेणं मना आहे आणि पेशंट आणण्यासाठी दलाल वा एजंट नेमणंही मना आहे. ‘पेशंटमागे इतके रुपये’ हा हिशेब लिहिणाऱ्याला प्रामाणिक वाटतो. काम झालं तरच पैसे घ्यायचे, यात वावगं काय, असा त्याचा विचार असतो. पण नियमाच्या नजरेने पाहिलं तर तो स्वतःच दलालाच्या जागी उभा राहतो.

हे नियम बदलण्याचा एक प्रयत्न झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2 ऑगस्ट 2023 रोजी नवे नियम काढले. त्यांत समाजमाध्यमांवर डॉक्टरांनी कसं वागावं हेही सांगितलं होतं. त्याच महिन्याच्या 23 तारखेला ते स्थगित झाले आणि 2002 चे नियम पुन्हा लागू झाले. त्या जुन्या नियमांचा काळ वर्तमानपत्रांचा आणि पाट्यांचा. गुगल मॅपवर काय चालेल, याचं थेट उत्तर त्यांत सापडत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने त्यांतल्या स्पष्ट परवानगीचा आधार घ्यावा.

ती परवानगी उपयोगाची आहे. डॉक्टरांना काही गोष्टी वर्तमानपत्रातून रीतसर जाहीर करता येतात : प्रॅक्टिस सुरू केली, तिचा प्रकार बदलला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेर आहोत, पुन्हा रुजू झालो, दुसऱ्याची प्रॅक्टिस पुढे चालवायला घेतली, आणि फी किती. यांतली एकही गोष्ट स्वतःची थोरवी सांगत नाही. दवाखाना शोधणाऱ्या माणसाला लागणारी माहिती तेवढी ती देते. फ्रीलान्सरने देऊ करायचं काम याच यादीतून निघायला हवं.

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी क्लिनिक पंचवटीतून गंगापूर रोडला हलवलं आहे, असं समजा. गुगल मॅप अजून पंचवटीच दाखवतो. म्हणजे त्यांनाच शोधत निघालेला माणूस बंद शटरपाशी पोचतो. त्यांना लिहायचा ई-मेल असा असावा :

विषय : गुगल मॅपवर आपल्या क्लिनिकचा जुना पत्ता दिसतो आहे

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.
आपलं क्लिनिक गंगापूर रोडला हलल्याची सूचना जुन्या जागेवर वाचली. गुगल मॅपवर मात्र पंचवटीचा पत्ता, तिथला फोन नंबर आणि जुन्या वेळा आहेत. स्क्रीनशॉट जोडला आहे. ही दुरुस्ती आपल्या क्लिनिकमधलं कोणीही मोफत करू शकेल. कृती शेवटी दिली आहे.
सवड नसल्यास मी करून देईन. पत्ता, फोन, वेळा, सुट्ट्या आणि आपली इच्छा असल्यास फी, एवढीच माहिती भरेन व वर्षभर अद्ययावत ठेवेन. आपल्या लेखी होकाराशिवाय काहीही प्रसिद्ध होणार नाही. मोबदला वर्षाला 6,000 रुपये. पेशंटच्या संख्येशी त्याचा संबंध नाही. पेशंटची नावं, फोटो किंवा नंबर मला लागणार नाहीत. प्रोफाइलची मालकी आपल्याच खात्यावर राहील.
ओपीडीच्या वेळेत मी फोन करणार नाही. सोयीने उत्तर द्यावं, ही विनंती.
आपला नम्र,
(नाव, मोबाइल नंबर)

या ई-मेलमध्ये पेशंट वाढण्याचं आश्वासन कुठेही नाही. ‘पलीकडच्या डॉक्टरांकडे गर्दी असते’ अशी तुलनाही नाही. चूक दाखवली आहे, ती फुकट सुधारण्याची वाट सांगितली आहे आणि मगच काम मागितलं आहे. मोबदला ठरावीक असल्यामुळे कमिशनचा प्रश्न उद्भवत नाही. ई-मेल आधी रिसेप्शनवर उघडला जातो, हेही लक्षात ठेवावं. विषयाची ओळ वाचून तिथल्या माणसाला ‘हे मॅडमना दाखवायला हवं’ असं वाटलं पाहिजे. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करावी आणि तिथे थांबावं.

होकार आल्यावरही जपून चालावं लागतं. पत्ता बदलताना जुनं प्रोफाइलच दुरुस्त करायचं असतं. नवं काढलं तर एकाच क्लिनिकचे दोन पत्ते दिसतात आणि घोळ वाढतो. गुगल पुन्हा पडताळणी मागतं तेव्हा बरेचदा रस्ता, पाटी आणि आतली जागा दाखवणारा व्हिडिओ लागतो. तो वेटिंग रूम रिकामी असताना घ्यावा, कारण त्वचारोगतज्ज्ञांच्या बाकावर बसलेला चेहरा ओळखू येणं हीसुद्धा त्या पेशंटची खासगी बाब उघड करणं आहे. डॉक्टरांचा पासवर्ड मागू नये. मालक डॉक्टर आणि मॅनेजर आपण, अशी सोय प्रोफाइलमध्येच असते. स्वतःच्या जीमेलवर क्लिनिकची नोंद करून ठेवणारा फ्रीलान्सर काम सोडून गेला की डॉक्टरांना स्वतःच्या क्लिनिकची वेळही बदलता येत नाही. ती परत मिळवायला गुगलकडे मालकीचा अर्ज करावा लागतो.

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या रिव्ह्यूंमध्ये. पैसे किंवा सवलत देऊन रिव्ह्यू लिहून घेणं गुगललाही चालत नाही. त्याहून नाजूक असतं उत्तर. ‘तुमचे मुरूम तीन महिन्यांत गेले, आनंद वाटला’ असं क्लिनिकच्या नावाने लिहिलं की पेशंटची गोपनीयता मोडली. तक्रारीला उत्तर देताना तर ती व्यक्ती आपली पेशंट आहे हेही मान्य करू नये. ‘आपलं म्हणणं क्लिनिकला फोन करून कळवावं’ एवढं लिहिणं पुरे. उपचाराआधीचे आणि नंतरचे फोटो टाकण्याची कल्पना फ्रीलान्सरने स्वतःहून मांडूच नये. ओळख पटेल असा पेशंटचा फोटो परवानगीशिवाय छापायला नियमांची मनाई आहे, आणि परवानगी मिळाली तरी तो फोटो पेशंट ओढण्यासाठीच लावलेला असतो.

या मर्यादांमुळे काम लहान होतं, हे खरं आहे. हॉटेलच्या जाहिरातीइतका पैसा त्यात नाही. पण पत्ता, वेळ, फी आणि सुट्टी ही माहिती दर क्लिनिकला लागते आणि ती वर्षभर बदलत राहते. डॉक्टरांना ई-मेल पाठवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा : हाच ई-मेल उद्या वैद्यक परिषदेसमोर ठेवला, तर या डॉक्टरांना त्याची सफाई द्यावी लागेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो पाठवू नका.