चॅटबॉट, माणूस आणि आठवण

समोर बोलणारा माणूस आहे की यंत्र, असे कोणी मनापासून विचारले, तर चॅटबॉटने पहिल्याच वाक्यात 'मी माणूस नाही' असे सांगायला हवे. 'तुम्हाला काय वाटतं?' असा उलट प्रश्न टाकणे किंवा 'मी तुमच्या मदतीसाठी आहे ना!' म्हणून विषय बदलणे ही फसवणूकच आहे, मग भाषा कितीही गोड असो. कंपनीने बॉटला एखाद्या मुलीचे नाव दिलेले असेल, तर ते नाव ठेवायला हरकत नाही; पण नावाआडून माणूस असल्याचा दावा करता येत नाही. अपवाद एकच. वापरणाऱ्याने स्वतःच नाटक रचले असेल आणि त्यातल्या पात्राला तो प्रश्न विचारत असेल, तर उत्तर पात्राचे असू शकते. प्रश्न नाटकातला की खरा, हे कळेनासे झाले तर मात्र नाटक थांबवून खरे सांगावे.

हा आग्रह अनुभवातून आलेला आहे. जोसेफ वायझेनबाम यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 'एलायझा' नावाचा संवाद करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि 1966 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. समोरच्याच्या वाक्यातले शब्द उचलून त्यांचा प्रश्न करायचा, एवढीच त्याची करामत. वायझेनबाम तो प्रोग्रॅम लिहीत असताना त्यांची सचिव कित्येक महिने ते काम पाहत होती. तरीही त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. समोर यंत्र आहे हे माहीत असूनही जिव्हाळा वाटतो, तर माहीत नसताना काय होईल याचा अंदाज यावरून येतो. कॅलिफोर्नियात जुलै 2019 पासून, विक्रीसाठी किंवा मतांसाठी बॉटने माणूस असल्याचा आभास निर्माण करून फसवण्यास कायद्याने बंदी आहे. युरोपीय संघाच्या 2024 च्या एआय कायद्यातही, बोलणारे यंत्र आहे हे वापरणाऱ्याला कळवण्याची तरतूद आहे.

आठवणीचा प्रश्न अधिक अवघड, कारण त्याचे खरे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात मावत नाही. आजच्या चॅटबॉटमागे असलेले भाषा-मॉडेल दोन उत्तरांच्या मध्ये काहीच लक्षात ठेवत नाही. वापरणाऱ्याने नवे वाक्य पाठवले की त्या संभाषणातला आधीचा मजकूर त्याच्यासोबत पुन्हा मॉडेलपुढे ठेवला जातो आणि ते सगळे नव्याने वाचून पुढचे उत्तर तयार होते. एका वेळी किती मजकूर वाचता येतो यालाही मर्यादा असते. संभाषण फार लांबले की काही प्रणालींत सुरुवातीचा भाग गळतो किंवा त्याचा सारांश तेवढा उरतो. काही सेवा वापरणाऱ्याबद्दलच्या नोंदी वेगळ्या साठवतात आणि पुढच्या वेळी त्या मजकुराला जोडतात. 'बॉटला आठवतं' असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा या नोंदीच बोलत असतात.

समजा, आरोग्य विम्याच्या बॉटला एका ग्राहकाने विचारले, 'मागच्या आठवड्यात बाबांच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं होतं, आठवतंय ना?' मॉडेल माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर शिकलेले असते आणि अशा प्रश्नाला माणसे सहसा 'हो, आठवतंय, आता कसे आहेत बाबा?' असेच म्हणतात. त्यामुळे मागचा शब्दही समोर नसताना तेच उत्तर सहज येते. ग्राहक मग वडिलांचा मधुमेह पुन्हा सांगत नाही आणि दाव्याबद्दल मिळालेला सल्ला चुकतो. योग्य उत्तर साधारण असे: 'मागचं संभाषण मला इथे दिसत नाही. दाव्याचा क्रमांक दिलात तर कंपनीकडे काय नोंद आहे ते पाहता येईल. नाहीतर ऑपरेशन आणि आधीच्या आजारांची माहिती पुन्हा द्या.' कंपनीची नोंद पाहण्याची सोय बॉटला नसेल, तर क्रमांक मागण्यातही अर्थ नाही.

उलट्या बाजूची चूक कमी दिसते, पण ती जास्त घातक. 'काळजी करू नका, मला काहीच आठवत नाही' हे मॉडेलपुरते खरे असले, तरी संभाषण कंपनीच्या सर्व्हरवर साठलेले असू शकते आणि ते किती दिवस राहते हे कंपनीच्या धोरणावर ठरते. 'माझा आधार क्रमांक विसरून जा' असे सांगितल्यावर बॉटने 'विसरलो' म्हणणे म्हणूनच खोटे ठरू शकते. तो क्रमांक अजून त्याच संभाषणात वर दिसतो. क्रमांक पुन्हा वापरणार नाही, पण संभाषण पुसण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, ते सेटिंगमधून किंवा कंपनीकडे विनंती करून होते, असे उत्तर द्यावे. पुसण्याची सोय नेमकी कुठे आहे हे माहीत नसेल तर तेही तसेच सांगावे.

बॉट खरे बोलतो का, हे तपासायला नव्या संभाषणात न घडलेली गोष्ट विचारता येते: 'मी काल भावाच्या लग्नाचं बोललो होतो ना?' भाऊ नसताना बॉटने शुभेच्छा दिल्या, तर त्याचे 'आठवतं' हे शब्द कोणत्याही नोंदीवर आधारलेले नाहीत. मात्र एकदा बरोबर उत्तर आले म्हणून भरवसा ठेवू नये; तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला की उत्तर बदलू शकते.