काचेतून नेमकी किती उष्णता आत येते?

मे महिन्यातली दुपार. बाहेर ४० अंश सेल्सिअस, एसी लावलेल्या खोलीत २५. खिडकीची काच ४ मिलिमीटर जाड, क्षेत्रफळ दीड चौरस मीटर. उन्हाचा विचार तूर्त बाजूला ठेवला, तर या काचेतून दर सेकंदाला किती उष्णता आत येईल? प्रश्नात काच आहे आणि तिची जाडी दिली आहे, म्हणून बहुतेक विद्यार्थी वहनाचं सूत्र काढतात. काचेची वाहकता सुमारे ०.८. गुणाकार-भागाकार केले की उत्तर येतं ४५०० वॅट.

इथंच थांबून पाहायला हवं. एक टन क्षमतेचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे या हिशेबाने एका खिडकीलाच तो पुरणार नाही! अनुभव तसं सांगत नाही.

सूत्र चुकलेलं नाही. फ्रेंच गणितज्ञ फूरिए याने १८२२ साली ग्रंथरूपाने मांडलेला हा नियम पदार्थाच्या दोन पृष्ठभागांमधल्या तापमानाबद्दल बोलतो. ४० आणि २५ ही तापमानं मात्र काचेची नाहीत, हवेची आहेत. काचेला चिकटून हवेचा एक मंद थर असतो आणि खरा अडथळा तोच करतो. पृष्ठभाग आणि वाहता द्रव किंवा वायू यांच्यातल्या या देवाणघेवाणीला अभिसरणाचं सूत्र लागतं. त्याचं मूळ न्यूटनच्या १७०१ सालच्या शीतलीकरणाच्या नियमात आहे.

अख्खं प्रकरण शेवटी या तीन ओळींत मावतं:

```
वहन:     Q/t = k A (T1 - T2) / d
अभिसरण:  Q/t = h A (Ts - Tf)
प्रारण:    Q/t = e σ A (T1⁴ - T2⁴)
```

पहिल्या ओळीतली दोन्ही तापमानं घन पदार्थाच्या पृष्ठभागांची आहेत. दुसरीत एक पृष्ठभागाचं, दुसरं हवेचं किंवा पाण्याचं. तिसरीत एकमेकांसमोर असलेल्या दोन पृष्ठभागांची. मध्ये निर्वात पोकळी असली तरी चालते. म्हणून सूत्र निवडताना पदार्थ कोणता हे नंतर पाहावं. दिलेलं तापमान नेमकं कुठं मोजलं आहे, हे आधी विचारावं.

आता खिडकीचा हिशेब पुन्हा करू. उष्णतेला वाटेत तीन अडथळे एकापाठोपाठ लागतात, आणि विजेच्या रोधांसारखी त्यांची बेरीज करता येते. आतल्या हवेसाठी h सुमारे ८ धरला तर एक चौरस मीटरमागे अडथळा १/८, म्हणजे ०.१२५. बाहेर वारा असल्याने h २० धरू, अडथळा ०.०५. काचेचा स्वतःचा अडथळा जाडी भागिले वाहकता, फक्त ०.००५! एकूण ०.१८. पंधरा अंशांच्या फरकाला त्याने भागलं की चौरस मीटरमागे ८३ वॅट येतात आणि पूर्ण खिडकीतून सुमारे १२५.

पडताळाही घेता येतो. काचेची बाहेरची बाजू ३५.८ अंशांवर, आतली ३५.४ वर. फरक ०.४ अंशाहून किंचितच जास्त. तो फूरिएच्या सूत्रात घातला की तेच ८३ वॅट मिळतात. काच दुप्पट जाड केली तर उष्णता ८१ वर येते, म्हणजे जवळपास काहीच वाचत नाही. दोन काचांमध्ये सेंटीमीटरभर हवा कोंडली, तर मात्र ती साधारण निम्मी होते.

तिसऱ्या ओळीत घसरण्याची जागा वेगळी आहे. स्टेफानने १८७९ साली प्रयोगांवरून आणि बोल्ट्झमनने १८८४ साली सिद्धांतातून मांडलेल्या या नियमात तापमानाचा चौथा घात असतो, म्हणून ते केल्विनमध्येच हवं. वहनात फक्त फरक लागतो, त्यामुळे सेल्सिअस चालतं आणि हात त्याच सवयीने पुढे जातो. ३२७ अंशांची काळी लोखंडी पाटी २७ अंशांच्या खोलीत ठेवली तर ६०० आणि ३०० केल्विन घेऊन चौरस मीटरमागे सुमारे ६९०० वॅट येतात. सेल्सिअसचेच आकडे टाकले तर ६५०ही होत नाहीत. फरकाचाच चौथा घात केला तर ४६०. दोन चुका, दोन्ही दहापटींहून मोठ्या.

खोलीच्या तापमानाजवळ, फरक थोडा असेल तेव्हा चौथ्या घाताचं हे सूत्र जवळपास सरळ रेषेत वागतं आणि दर अंशामागे पाच-सहा वॅट देतं. खिडकीसाठी घेतलेल्या ८ मध्ये हा वाटा आधीच मिसळलेला आहे. तो वेगळा मोजला तर दोनदा मोजला जाईल. लाल तापलेल्या लोखंडाला मात्र ही सवलत नाही, तिथं पूर्ण सूत्रच वापरावं लागतं.

महाराष्ट्र बोर्डाच्या अभ्यासक्रमात वहन आणि न्यूटनचा नियम अकरावीत, तर स्टेफान-बोल्ट्झमन बारावीत येतो. त्यामुळे तिन्ही सूत्रं एकाच खिडकीवर शेजारी मांडून पाहणं सहसा राहून जातं.

उरलं ऊन. त्यासाठी सूर्याचं तापमान घेऊन चौथा घात करत बसायचं कारण नाही, कारण काचेवर पडणारी तीव्रताच मोजलेली असते. ती ५०० वॅट असेल आणि साधी काच त्यातला आठ-दशांश आत सोडत असेल, तर दीड चौरस मीटरमधून ६०० वॅट येतात. हवेच्या तापमानामुळे येणाऱ्या १२५च्या जवळपास पाचपट. ही उष्णता जाड काचेने अडत नाही. आतला पडदाही तिचा काही भागच परत पाठवतो, कारण तापलेला पडदा ती खोलीतच सोडतो. खिडकीबाहेरची झडप किंवा छज्जा ऊन काचेपर्यंत पोचूच देत नाही.