पहिली स्लाइड ग्राहकाची

आज आपण विक्रीच्या प्रेझेंटेशनची संहिता कशी लिहायची ते एका उदाहरणावरून पाहू. बहुतेक प्रेझेंटेशन्स 'आमची कंपनी अमुक साली सुरू झाली' इथून सुरू होतात. मी पहिल्या स्लाइडवर ग्राहकाची अडचण ठेवतो, तीही त्याच्याच कारखान्यात मोजलेली.

माझं काम कारखान्यातली दाबाच्या हवेची गळती शोधून बंद करण्याचं. बडोद्यात मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं उदाहरण घेऊ. तिथे ३७ किलोवॉटचा, म्हणजे ५० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर तिन्ही पाळ्यांत चालतो. मालकांना वीजबिल जास्त येतंय हे ठाऊक होतं, पण हवा कुठे जाते हे माहीत नव्हतं.

म्हणून मीटिंगच्या आधी मी एक चाचणी मागून घेतली. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन्स बंद ठेवायची, पण मशीनपर्यंतचे व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे. ते बंद केले तर मशीनजवळचे पाइप आणि कपलिंग मोजणीतून सुटतात, आणि गळती बरेचदा तिथेच असते. मग कॉम्प्रेसर चालू करून घड्याळ लावायचं. कोणीही हवा वापरत नसताना तो हवा भरतोय, म्हणजे ती हवा गळतीतच जातेय. इथे पाच फेऱ्यांची सरासरी आली ती अशी : २ मिनिटं लोडवर, ६ मिनिटं अनलोडवर. आठातली दोन मिनिटं, म्हणजे गळती २५ टक्के.

आता संहितेची सुरुवात ऐका :

"साहेब, रविवारी तुमचा कारखाना बंद होता. तरी कॉम्प्रेसर दर आठ मिनिटांतली दोन मिनिटं हवा भरत होता. हे रीडिंग तुमच्याच मेंटेनन्स विभागाने घेतलंय."

एवढं बोलून मी थांबतो. पुढची स्लाइड लगेच लावायची नाही.

दुसरी स्लाइड रुपयांची, आणि गफलत होते ती इथे. ३७ किलोवॉटचे २५ टक्के, वर्षाचे ७,२०० तास, ८ रुपये युनिट, असा गुणाकार केला की सव्वापाच लाखांच्या वर आकडा येतो. दिसायला छान, पण खोटा. एक तर गळती शून्यावर येत नाही. १० टक्क्यांवर आणली तरी चांगलं काम झालं. म्हणजे हिशेब १५ टक्क्यांचाच. दुसरं असं, की अनलोडवरही स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण भाराच्या पाव ते एक तृतीयांश वीज घेतच राहतो. म्हणून त्या १५ टक्क्यांतलेही ७० टक्केच धरायचे. उत्तर येतं वर्षाला सुमारे २८,००० युनिट, म्हणजे सव्वादोन लाख. खोलीतल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरला अनलोडची गोष्ट ठाऊक असते. सव्वापाच लाख म्हणालात तर तो मालकांसमोरच आकडा खोडून काढेल, आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून संहितेत हिशेब उघडा ठेवा : "मी युनिटला ८ रुपये धरलेत. तुमच्याकडे किती पडतात?" मालक म्हणाले, "साडेसात." आकडा दोन लाख दहा हजारांवर आला. पण ग्राहक आकडा दुरुस्त करू लागला, म्हणजे अडचण त्याने आपली मानली. उलट तो नुसतीच मान डोलावत राहिला, तर समजा, तुम्ही दुसऱ्याच कोणाची अडचण सांगताय.

यात एक धोका आहे. अडचण पुढे ठेवली की मेंटेनन्स मॅनेजरला वाटतं, आपल्यावर बोट दाखवलं. सही मालकांची असली तरी काम या माणसाच्याच हातून होणार आहे. म्हणून मी रीडिंग आदल्या दिवशी त्यांना देतो आणि विचारतो, "यात काही चुकलंय का?" इथले मॅनेजर म्हणाले, "कपलिंग बदलायची मागणी मी दोनदा दिली होती." मी त्यांची परवानगी घेतली आणि तिसऱ्या स्लाइडवर त्यांची मागणी आली. तक्रार वाटली असती ती गोष्ट त्यांची बाजू झाली.

चौथ्या स्लाइडवर काम : अल्ट्रासॉनिक यंत्राने गळती शोधणे, प्रत्येक जागी टॅग लावणे, दुरुस्ती, आणि पुन्हा तीच सुट्टीची चाचणी. पैसे कशावर द्यायचे हे त्या चाचणीवरून ग्राहकालाच कळतं.

आणि कंपनीचा इतिहास? तो शेवटच्या स्लाइडवर, तीन ओळींत. "हे काम तुम्ही आधी कुठे केलंय?" असं ग्राहक स्वतः विचारतो, तेव्हाच तो ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो.

चाचणी करायला मिळाली नाही, तर अंदाजाचा आकडा पहिल्या स्लाइडवर टाकू नका. तिथे प्रश्न लिहा : "सुट्टीच्या दिवशी तुमचा कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर असतो?" उत्तर माहीत नसेल, तर त्या मीटिंगमध्ये एवढंच मागायचं : एक रविवार आणि एक घड्याळ.