चेहरा सापडला, हात निसटला

कीर्तनाची चाळीस सेकंदांची एक क्लिप घेऊ. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर, चौकट आडवी, १९२० बाय १०८० पिक्सेल. मध्ये बुवा, मागे टाळकऱ्यांची रांग, डावीकडे पखवाज. टीव्हीवर ती आहे तशी चालते. मोबाइलवर उभी दाखवायची, तर ९:१६ च्या प्रमाणात कापावी लागते. उंची पूर्ण ठेवली की रुंदी उरते ६०८ पिक्सेल, म्हणजे चित्राचा तिसरा हिस्साही नाही. हा पट्टा फक्त डावी-उजवीकडे सरकू शकतो.

तो सरकवण्याचं काम फेस ट्रॅकिंग करतं. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये चेहरा शोधतं आणि पट्ट्याचा मध्य त्यावर आणतं. बुवांचा चेहरा डाव्या कडेपासून ७०० पिक्सेलवर असेल, तर पट्टा ३९६ ते १००४ असा बसतो. पण निरूपणात रंगलेले बुवा सतत डुलतात. पट्टाही तसाच डुलला, तर बघणाऱ्याला गरगरतं. ही चूक ओळखायची तर बुवांकडे नव्हे, मागच्या मांडवाच्या खांबाकडे पाहावं. कॅमेरा स्थिर असूनही खांब थरथरला, तर ट्रॅकिंग अती चपळ आहे. उपाय म्हणजे मध्यभागी शे-दीडशे पिक्सेलची सूट द्यायची. चेहरा तेवढ्यात हलला, तर पट्टा जागचा हलत नाही. बाहेर गेला, की सावकाश मागे येतो.

बुवा टाळकऱ्यांकडे वळले, की त्यांचा चेहरा अर्धाच दिसतो आणि सॉफ्टवेअर समोर पाहणाऱ्या एखाद्या टाळकऱ्याला धरून बसतं. तेवढ्या भागात बुवांचाच चेहरा हाताने निवडून द्यावा लागतो.

मग येते सेफ झोनची गोष्ट. आडव्या चित्रात मजकूर कडांपासून पाच-पाच टक्के आत ठेवला की पुरतं. उभ्या चित्रावर मात्र अॅप स्वतःची नावं, मथळा आणि बटणं टाकतं. तळाचा जवळजवळ तिसरा भाग आणि उजवी कड मी मोकळीच सोडतो. आडव्या चित्रात तळाशी असलेली बुवांच्या नावाची पट्टी उभ्यात अर्धी कापली जाते, उरलेली मथळ्याखाली झाकली जाते. म्हणून नाव चित्रात कायमचं मिसळू नये, प्रत्येक आकारासाठी वेगळं बसवावं.

दोन्ही आकार शेजारी-शेजारी, एकाच वेळेला थांबवून पाहिले, तेव्हा मला सगळ्यात जास्त खटकलं ते बाविसाव्या सेकंदाला. आडव्या चित्रात बुवांचा हात पसरून विठ्ठलाच्या मूर्तीकडे जातो, टाळकरी त्या हाताच्या दिशेने पाहतात. उभ्यात चेहरा नेमका मध्यभागी आहे, पण हात कोपरापाशी तुटलेला आणि मूर्ती बाहेर. ट्रॅकिंगच्या हिशेबी तिथे काहीच चुकलेलं नव्हतं. मला मात्र तो प्रसंगच गेल्यासारखा वाटला. शेवटी तेवढ्या चार सेकंदांपुरता पट्टा सोडून दिला आणि अख्खं आडवं चित्र उभ्या चौकटीत १०८० बाय ६०८ एवढं लहान करून बसवलं. वर-खाली रिकामी जागा राहिली. हात मूर्तीपर्यंत पोचला.