किंमत नव्हे, वर्षाचा खप बघा

बस दुरुस्तीच्या एखाद्या वर्कशॉपचं स्टोअर डोळ्यांपुढे आणा. रॅकवर हजारो सुटे भाग असतात. सगळ्यांची मोजणी रोज करणं शक्य नसतं आणि सगळ्यांचा भरपूर साठा ठेवला तर पैसा अडकून पडतो. मग लक्ष कशावर ठेवायचं? जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ साली याचं उत्तर एबीसी वर्गीकरणाच्या रूपाने मांडलं.

रीत सोपी आहे. प्रत्येक भागाचा वर्षाचा खप त्याच्या दराने गुणायचा. आलेल्या रकमा मोठीपासून लहानापर्यंत लावायच्या आणि वरून बेरीज करत जायचं. एकूण खर्चाच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंतचे भाग ‘ए’, पुढे ९० टक्क्यांपर्यंतचे ‘बी’ आणि उरलेले ‘सी’. ‘ए’मध्ये बहुधा मूठभरच भाग येतात, निम्म्याहून जास्त भाग ‘सी’त जातात.

इथे नुसता दर फसवतो. समजा, १२,००० रुपयांचे स्टार्टर वर्षाला ३ लागतात आणि ३० रुपयांचे बल्ब १,२००. दोन्हींचा वर्षाचा खर्च ३६,००० रुपयेच. ब्रेक लायनरचा सेट मात्र १,५०० रुपयांना असला, तरी वर्षाला ४०० सेट लागले की खर्च ६ लाखांवर जातो. तो ‘ए’.

असे सेट सहा महिन्यांचे एकदम, म्हणजे २०० घेतले, तर सरासरी १०० सेट पडून राहतात आणि दीड लाख रुपये अडकतात. खप आठवड्याला सुमारे ८ सेटचा आहे. दर पंधरवड्याला १६ मागवले आणि ८ राखीव ठेवले, तर सरासरी साठा १६ सेटचा, म्हणजे २४,००० रुपयांचा राहतो. अर्थात, मग आठवड्याला मोजणी हवी आणि पुरवठादार वेळ पाळणारा हवा. ‘बी’कडे महिन्याने पाहिलं तरी चालतं.

‘सी’मधल्या ४० रुपयांच्या ऑइल सीलचं गणित उलटं असतं. वर्षाला १०० लागत असतील, तर सहा महिन्यांचा साठा अवघ्या २,००० रुपयांत होतो. तो सढळ हाताने भरावा आणि तिमाहीला तपासावा.

या पद्धतीला एक गोष्ट दिसत नाही: भाग नसेल तर काय अडतं? वर्षभर एकही क्रँकशाफ्ट लागला नाही, तर यादीत त्याचा खर्च शून्य येतो आणि तो ‘सी’त जातो. म्हणून तो चारसहा घेऊन ठेवणं चूक. पण तो मिळायला दोन महिने लागत असतील आणि तोवर बस उभी राहणार असेल, तर एक ठेवायचा का, हे वेगळं ठरवावं लागतं. त्यासाठी अत्यावश्यक, आवश्यक आणि नसला तरी चालेल अशी दुसरी विभागणी सोबत केली जाते. ‘सी’तल्या भागासाठी बस वारंवार अडकू लागली, तर ही दुसरी यादी बनलेली नाही किंवा जुनी झाली आहे, असं समजावं.