दहापैकी नऊ सौदे नफ्याचे, तरी हिशेब तोट्याचा

हिंगोली आणि वसमत येथील बाजार समित्यांमध्ये हळदीचे लिलाव होत असताना त्याच हळदीचा दुसरा बाजार एनसीडीईएक्स या वायदे बाजारात चालू असतो. वायदा म्हणजे पुढील ठरावीक महिन्यात माल देण्याघेण्याचा, आजच ठरवलेल्या भावाने केलेला करार होय. येथे हळदीचा एक लॉट ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटलचा असल्यामुळे क्विंटलमागे १०० रुपयांचा फरक पडला की एका लॉटमागे ५,००० रुपयांचा नफा किंवा तोटा होतो. हळद जवळ नसतानाही आधी विकून नंतर स्वस्तात खरेदी करता येते, आणि या मंदीच्या सौद्यांतच पुढील हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो.

समजा, एखादा व्यापारी १०,००० रुपये भावाने एक लॉट विकतो, भाव ९,९०० झाला की लगेच नफा पदरात पाडून घेतो, आणि भाव चढला तर मात्र तो उतरण्याची वाट पाहत अखेर १०,९०० ला सौदा कापतो. असे दहा सौदे झाले आणि त्यांपैकी नऊ यशस्वी ठरले, तर ४५,००० रुपये मिळतात आणि दहाव्या सौद्यात ४५,००० रुपयेच जातात. हाती शून्य उरते. दलाली, कर व इतर खर्च मिळून प्रत्येक सौद्याला ३०० रुपये धरले, तर दहा सौद्यांअखेर ३,००० रुपयांचा निव्वळ तोटा होतो.

येथे नव्वद टक्के यश आले कोठून, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. भाव वर जाण्याची व खाली येण्याची शक्यता समान असेल आणि तो लहान पावलांनी हलत असेल, तर खर्चापूर्वीचा सरासरी नफा शून्य असतो. म्हणून १०० रुपयांचे लक्ष्य आणि ९०० रुपयांची तोट्याची मर्यादा ठेवणाऱ्याचा सौदा नव्वद टक्के वेळा यशस्वी ठरणारच, कारण नऊ वेळचे शंभर आणि एका वेळचे नऊशे तेव्हाच जुळतात. हे यश बाजाराच्या ज्ञानातून आलेले नसून लक्ष्य जवळ आणि मर्यादा दूर ठेवल्यामुळे आलेले असते. मर्यादा ३०० रुपयांवर आणली, तर त्याच गणिताने यशाचे प्रमाण पंचाहत्तर टक्क्यांवर उतरते. त्यामुळे नफा आपोआप वाढत नाही, मात्र एका सौद्यात होणारी हानी आटोक्यात राहते.

प्रत्यक्ष बाजार याहून कठोर असतो, कारण भाव नेहमी लहान पावलांनी चालत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये हळदीचा वायदा ७,००० रुपयांच्या आसपास होता आणि ऑगस्टपर्यंत तो १५,००० च्या पुढे गेला. अशा तेजीत भाव दिवसाच्या ठरलेल्या वरच्या मर्यादेला, म्हणजे सर्किटला, टेकला की विकणारा कोणी उरत नाही आणि आधी विकून बसलेल्याला खरेदी करून बाहेर पडता येत नाही. १०,९०० ला कापायचा सौदा अशा वेळी ११,३०० ला कापला गेला, तर तोटा ४५,००० ऐवजी ६५,००० होतो आणि खर्चासह दहा सौद्यांचा हिशेब २३,००० रुपयांनी तोट्यात जातो. शिवाय वायद्यातील तोटा दररोज खात्यातून वळता होत असल्यामुळे नवे मार्जिन, म्हणजे तारणाची रक्कम, भरता आली नाही तर दलाल सौदा स्वतःच बंद करतो. कोठारात हळद असलेल्या साठेदाराने तेवढ्याच मालापुरता वायदा विकला असेल, तर त्याचा वायद्यातील तोटा मालाच्या वाढलेल्या किमतीने बराचसा भरून निघतो, परंतु रोजची रोकड त्यालाही उभी करावीच लागते.

एकाच मोठ्या तोट्याचा हा धोका उशिरा लक्षात येतो. नव्वद टक्के यशाच्या पद्धतीत सौदे एकमेकांवर अवलंबून नसतील, तर सलग वीस सौदे तोट्याविना जाण्याची शक्यता सुमारे बारा टक्के, म्हणजे साधारण आठांत एक असते. त्यामुळे वीस यशस्वी सौद्यांची वही पाहून पद्धत सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यातही बंद झालेल्या सौद्यांचीच नोंद ठेवली आणि चढत्या भावात अडकलेला सौदा वहीबाहेर राहिला, तर यशाचे प्रमाण फुगलेलेच दिसते.

म्हणून कोणतीही पद्धत तपासताना उघड्या सौद्यांचा आजच्या भावाने होणारा तोटा धरावा, सरासरी तोट्याला सरासरी नफ्याने भागावे, आणि नव्वद टक्के यश असेल तेथे हा भागाकार खर्च धरूनही नऊपेक्षा कमी आहे की नाही हे पाहावे. वहीत अजून मोठा तोटाच नसेल, तर २०२३ सारख्या तेजीत एका लॉटमागे किती रक्कम जाऊ शकली असती हे त्या जागी लिहून हिशेब पुन्हा मांडावा. तो हिशेब तोट्याचा निघाला, तर नफ्याचे सौदे कितीही असले तरी ती पद्धत सोडून द्यावी.